८० मिमी पावसातलं ओढ्यात किती येतं? कर्व्ह नंबर पद्धतीने अपधाव काढताना

पाणलोटाच्या कामात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या पावसाळ्यातच एक प्रश्न विचारला जातो: काल ८० मिमी पाऊस झाला, मग ओढ्याला पाणी किती आलं असेल? शेततळं, नाला बांध किंवा पाझर तलाव यांचं आकारमान ठरवायचं तर हे उत्तर लागतंच. बहुतेक ओढ्यांवर पाणी मोजायची काहीही सोय नसते. अशा वेळी पाऊस, माती आणि जमिनीवरचं आच्छादन एवढ्यावरून वाहून जाणाऱ्या पाण्याची, म्हणजे अपधावाची, खोली काढायची रूढ पद्धत म्हणजे कर्व्ह नंबर. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या मृदसंधारण विभागाने ती १९५०च्या दशकात बसवली. भारतात कृषी मंत्रालयाच्या १९७२च्या जलशास्त्र पुस्तिकेने तिला आपल्या जमिनींसाठी थोडा वेगळा आकार दिला, आणि महाराष्ट्रात काम करताना नेमका तो वेगळेपणाच महत्त्वाचा ठरतो.

इथे मी १२० हेक्टरचं एक पाणलोट घेऊन सगळं गणित शेवटपर्यंत सोडवणार आहे. पाणलोट मनाशी रचलेलं आहे, पण अवर्षणप्रवण पट्ट्यात, अहिल्यानगर-बीड-सोलापूरकडे, पावलोपावली दिसतं तसंच: वर झुडपी जंगलाचा डोंगर, त्याच्या पायथ्याला गायरान, खाली ओढ्याकाठी काळी शेती आणि मध्ये एका टेकाडावर गावठाण.

आधी सूत्र

पद्धतीचा विचार सरळ आहे. जमीन जास्तीत जास्त किती पाणी धरून ठेवू शकते, तो आकडा म्हणजे धारणक्षमता, S. पाऊस सुरू झाला की पहिलं थोडं पाणी पानांवर, खाचखळग्यांत आणि कोरड्या मातीत जातं आणि तोवर काहीच वाहत नाही. ही सुरुवातीची घट S चा काही ठरावीक हिस्सा धरतात. त्या हिश्शाला लॅम्डा म्हणतात, सूत्रात L. घट भागल्यावरच वाहायला सुरुवात होते.

```
S = 25400/CN - 254                        (मिमी)
Q = (P - L*S)^2 / (P + (1-L)*S)           P > L*S असेल तरच
Q = 0                                     एरवी
```

P म्हणजे पाऊस, Q म्हणजे अपधाव, दोन्ही मिमीमध्ये. CN म्हणजे कर्व्ह नंबर, बोलताना सगळे सीएनच म्हणतात. सीएन १०० असला तर धारणक्षमता शून्य, पडेल तेवढं वाहील. सीएन ५० असला तर धारणक्षमता २५४ मिमी.

मूळ अमेरिकन पद्धतीत लॅम्डा सरसकट ०.२ असतो. भारतीय शिफारशीत तो मातीवर आणि ओलाव्यावर ठरतो. काळ्या मातीत, जमीन आधीच मध्यम किंवा चांगली ओली असेल तर ०.१ घ्यायचा. काळी माती कोरडी असेल तर ०.३, आणि काळी सोडून बाकी सर्व मातींना कुठल्याही ओलाव्यात ०.३. कारण शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मे महिन्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जूनचा पहिला पाऊस त्या भेगांतच गडप होतो. पण एकदा माती फुगून भेगा मिटल्या, की त्याच रानात पाणी मुरायला वाटच राहत नाही.

पहिलं काम: मातीचा गट

या पद्धतीत माती चार गटांत बसवतात: ए, बी, सी, डी. ए म्हणजे पाणी झपाट्याने मुरवणारी, डी म्हणजे जवळपास न मुरवणारी. पूर्ण भिजलेल्या मातीत पाणी मुरण्याचा स्थिर वेग ताशी ७.६ मिमीहून जास्त असेल तर ए, ३.८ ते ७.६ असेल तर बी, १.३ ते ३.८ असेल तर सी आणि १.३ हून कमी असेल तर डी.

आकडे पाहून नवखा माणूस दुहेरी कड्यांचं मुरणमापक घेऊन रानात जातो, पहिल्या दहा मिनिटांचं वाचन घेतो आणि काळ्या मातीला ए गट देऊन परत येतो. कोरड्या मातीत सुरुवातीचा वेग नेहमीच भरमसाट असतो. ओळीने वाचनं घेत जा. एकापाठोपाठची वाचनं जवळपास सारखी यायला लागली की तो आपल्या कामाचा वेग. भारी जमिनीत त्याला कित्येक तास लागतात. तेवढा वेळ नसेल तर चाचणीच करू नका, अर्धवट आकड्यापेक्षा मातीचा नकाशा बरा. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेच्या नकाशांवर मातीचा पोत, खोली आणि निचरा दिलेला असतो, त्यावरून गट ठरवता येतो. मात्र नकाशा मोठ्या प्रदेशाचा असल्याने १२० हेक्टरमधले बारकावे त्यात उतरत नाहीत. म्हणून नकाशा हातात घेऊन फिरायचं आणि चार-पाच ठिकाणी खड्डा काढून बघायचं.

खड्ड्यात काय बघायचं? ओल्या मातीचा गोळा करून अंगठा आणि बोट यांच्यामध्ये दाबत पट्टी काढा. लांब, चिवट, न तुटणारी पट्टी निघाली आणि माती बोटांना चिकटून राहिली तर चिकणमातीचं प्रमाण भरपूर आहे, गट डी. आपल्या पाणलोटातली ओढ्याकाठची ५० हेक्टर काळी शेती अशीच आहे.

गायरानावर गोष्ट जरा गुंतते. वरची माती हलकी, भुरभुरीत, जेमतेम वीतभर. पाणी पटकन आत जाताना दिसतं म्हणून बी गट द्यावासा वाटतो. पण बघायचं आहे ते खाली. वीतभर मातीखाली कातळ लागला तर ती माती भरायला किती पाणी लागणार? थोडकंच. मग वरची माती कितीही मुरवणारी असो, बाकीचं पाणी वाहणारच. अमेरिकन विभागाच्या नंतरच्या निकषांत अभेद्य थर ५० सेंटीमीटरच्या आत असेल तर जमीन थेट डी गटात टाकतात. आपल्या गायरानावर खाली कातळ नाही, टिकावाने फुटणारा मुरूम आहे आणि तो थोडंफार पाणी घेतो. म्हणून मी इथे सी धरला आहे. डोंगरावरच्या झुडपी भागालाही सी, आणि गावठाण पांढरीवर, मुरमाड टेकाडावर असल्यामुळे त्यालाही सी.

दुसरं काम: आच्छादन आणि त्याची अवस्था

गट ठरला की जमिनीवर काय आहे ते पाहून तक्त्यातून सीएन उचलायचा. भारतीय परिस्थितीसाठीच्या तक्त्यातल्या आपल्या कामाच्या ओळी या. सगळे आकडे मध्यम ओलाव्याचे आहेत.

| आच्छादन | ए | बी | सी | डी |
|---|---|---|---|---|
| शेती, सरळ ओळीत पेरलेली | ७६ | ८६ | ९० | ९३ |
| शेती, बांधबंदिस्ती, अवस्था वाईट | ६७ | ७५ | ८१ | ८३ |
| शेती, बांधबंदिस्ती, अवस्था चांगली | ५९ | ६९ | ७६ | ७९ |
| चराऊ कुरण, वाईट | ६८ | ७९ | ८६ | ८९ |
| चराऊ कुरण, चांगलं | ३९ | ६१ | ७४ | ८० |
| झुडपी जंगल | ३३ | ४७ | ६४ | ६७ |
| कठीण पृष्ठभाग | ७७ | ८६ | ९१ | ९३ |

भातखाचरांना याच तक्त्यात चारही गटांत ९५ दिला आहे, कारण खाचर पावसाळ्यात कायम भरलेलंच असतं. कोकणात काम करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

‘वाईट’ आणि ‘चांगलं’ हे शब्द फसवे आहेत, पण उत्तर त्यांच्यावरच हलतं. कुरण वाईट म्हणजे निम्म्याहून कमी जमीन झाकलेली किंवा जनावरांनी पार खुरटवलेलं. चांगलं म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त झाकलेलं. दुरून बघून हे ठरवू नका, तिरप्या नजरेला माळ नेहमी असतो त्यापेक्षा हिरवा दिसतो. सरळ रेषेत शंभर पावलं चाला आणि प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकाशी काय आहे ते टिपा: गवत, पालापाचोळा की उघडी माती. उघडी माती पन्नासहून जास्त वेळा आली की निकाल लागला. दोन-तीन ठिकाणी असं चालायला फार वेळ जात नाही.

शेताच्या बांधांचंही तसंच. कागदोपत्री बांधबंदिस्ती पूर्ण झालेली असते. प्रत्यक्षात बांध नांगरटीत निम्मा खाल्लेला, सांडवा नाही आणि मधोमध घळ पडलेली. अशा शेताला ‘बांधबंदिस्ती, वाईट’ हीच ओळ. तिथे बांध दिसतच नसतील तर सरळ ओळीतली शेती धरा.

उपग्रहाचं छायाचित्र वापरणार असाल तर त्याची तारीख बघा. मे महिन्यातल्या चित्रात सगळा माळ उघडा दिसतो, आणि तुम्हाला हिशोब करायचा असतो सप्टेंबरच्या वादळी पावसाचा.

आपल्या पाणलोटाचे चार तुकडे असे झाले: काळी शेती ५० हेक्टर, बांध वाईट, डी, सीएन ८३. गायरान ४० हेक्टर, वाईट, सी, सीएन ८६. झुडपी जंगल २० हेक्टर, सी, सीएन ६४. गावठाण आणि रस्ते १० हेक्टर, सी, सीएन ९१.

तिसरं काम: आधीचा ओलावा

तक्त्यातले आकडे मध्यम ओलाव्याचे आहेत, याला पूर्वओलावा स्थिती दोन म्हणतात. पाऊस पडण्याआधीच्या पाच दिवसांत एकूण किती पाऊस झाला त्यावरून स्थिती ठरते. पिकं उभी असण्याच्या काळात पाच दिवसांची बेरीज ३६ मिमीहून कमी असेल तर स्थिती एक, ३६ ते ५३ असेल तर दोन, ५३ हून जास्त असेल तर तीन. पिकं नसण्याच्या काळात याच सीमा १३ आणि २८ मिमी आहेत, अवकाळी पावसाचा हिशोब करताना त्या लागतात.

स्थिती एक किंवा तीन असेल तर सीएन बदलून घ्यायचा:

```
CN1 = CN2 / (2.281 - 0.01281*CN2)
CN3 = CN2 / (0.427 + 0.00573*CN2)
```

आपल्या पावसाआधीच्या पाच दिवसांत ४१ मिमी झाला होता असं धरू. स्थिती दोन, म्हणून तक्त्यातले आकडे तसेच राहतील आणि काळ्या शेतीला लॅम्डा ०.१ लागेल.

ओलाव्याचा परिणाम किती असतो ते काळ्या शेतीच्या तुकड्यावर करून बघा. ८० मिमी पावसात स्थिती दोनला ४४ मिमी अपधाव येतो. जमीन आधीच चिंब असती, स्थिती तीन, तर सीएन ९२ होऊन ६१ मिमी आला असता. आणि कोरडी असती, स्थिती एक, तर सीएन ६८ वर येतो, लॅम्डाही ०.३ होतो आणि अपधाव उरतो फक्त १२ मिमी. तेच शेत, तोच पाऊस, आणि उत्तरं १२, ४४, ६१.

यातच पद्धतीचा एक खडबडीतपणाही दिसतो. पाच दिवसांची बेरीज ३५ असेल तर १२ मिमी आणि ३७ असेल तर ४४. दोन मिमीच्या फरकाने जमीन अशी एकदम बदलत नाही. अमेरिकन विभागाने पुढे हा पाच दिवसांचा तक्ता आपल्या पुस्तिकेतून काढूनही टाकला. आपल्याकडे तो अजून वापरात आहे आणि दुसरं हाताशी नसताना वापरायलाही हरकत नाही. पण बेरीज सीमेच्या आसपास असेल तर दोन्ही स्थितींची उत्तरं काढा आणि अहवालात दोन्ही लिहा.

पावसाचा आकडा नीट घ्या

राज्यात महसूल मंडळनिहाय पाऊस रोज संकेतस्थळावर मिळतो. २४ तासांत ६५ मिमी ओलांडले की अतिवृष्टी म्हणून नुकसानभरपाईची चर्चा सुरू होते, त्यामुळे हे आकडे गावात सगळ्यांना तोंडपाठ असतात. आपल्याला त्यांत दोन गोष्टी सांभाळायच्या असतात. मंडळाचं पर्जन्यमापक तुमच्या पाणलोटापासून दहा-पंधरा किलोमीटरवर असू शकतं, आणि परतीच्या पावसात ओढ्याच्या एका काठाला सडा आणि दुसऱ्या काठाला कोरडं हे नेहमीचंच. शक्य असेल तर पाणलोटात स्वतःचं साधं पर्जन्यमापक ठेवा.

दुसरी गोष्ट वेळेची. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा असतो. पाऊस रात्री नऊला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत चालला, तर एकाच पावसाचे नोंदवहीत दोन तुकडे होतात, समजा ५२ आणि २८ मिमी. सूत्र सरळ रेषेतलं नाही, त्यामुळे तुकडे वेगळे सोडवून बेरीज केली की उत्तर कमी येतं. काळ्या शेतीवर ५२ चे २२ मिमी आणि २८ चे ७ मिमी, मिळून २९. एकत्र ८० चे ४४. पाऊस मध्ये न थांबता पडला असेल तर दोन्ही नोंदी एकत्र करून एकच पाऊस धरा.

याच्या उलट चूकही होते: सगळ्या हंगामाचा पाऊस एकदम सूत्रात घालणं. गायरानाला ६०० मिमी दिले तर सूत्र ५४९ मिमी अपधाव सांगतं, म्हणजे ९० टक्क्यांहून जास्त पाणी वाहून गेलं. असा माळ कुठे नसतो. ही पद्धत एका पावसाची आहे. हंगामाचा आकडा हवा असेल तर एकेका पावसाचा अपधाव काढून बेरीज करायची.

आता गणित

तक्ता संगणकावर मांडा. ए स्तंभात क्षेत्र हेक्टरमध्ये, बी मध्ये सीएन, सी मध्ये लॅम्डा आणि एच१ या घरात पाऊस. मग दुसऱ्या ओळीत:

```
D2: =25400/B2-254
E2: =IF($H$1<=C2*D2,0,($H$1-C2*D2)^2/($H$1+(1-C2)*D2))
F2: =A2*E2*10
```

शेवटच्या ओळीतला १० असा येतो: एक हेक्टरवर एक मिमी पाणी म्हणजे १० घनमीटर.

काळ्या शेतीचं एकदा हाताने करून बघू. सीएन ८३, म्हणून धारणक्षमता ५२ मिमी. लॅम्डा ०.१, म्हणजे सुरुवातीची घट ५.२ मिमी. ८० मधून ती गेली की ७४.८ उरतात. त्यांचा वर्ग भागिले ८० अधिक ०.९ गुणिले ५२, म्हणजे भागिले १२६.८. उत्तर ४४.१ मिमी. बाकीचे तुकडे लॅम्डा ०.३ घेऊन याच रीतीने:

| तुकडा | क्षेत्र, हे. | सीएन | धारणक्षमता, मिमी | अपधाव, मिमी | पाणी, घ.मी. |
|---|---|---|---|---|---|
| काळी शेती | ५० | ८३ | ५२.० | ४४.१ | २२,०६० |
| गायरान | ४० | ८६ | ४१.३ | ४१.९ | १६,७८० |
| झुडपी जंगल | २० | ६४ | १४२.९ | ७.७ | १,५३० |
| गावठाण | १० | ९१ | २५.१ | ५३.८ | ५,३८० |

एकूण पाणी ४५,७५० घनमीटर, जलसंधारणाच्या भाषेत जवळपास ४६ टीसीएम, म्हणजे ४६ हजार घनमीटर. १२० हेक्टरवर पसरलं तर खोली ३८.१ मिमी. पडलेल्या पावसाचा थोडा कमी निम्मा भाग ओढ्यात आला.

दुसऱ्या ओळीकडे परत एकदा बघा. याच गायरानावर चराईबंदी पाळली गेली आणि ते ‘चांगलं’ झालं, तर सीएन ७४ होतो आणि अपधाव ४१.९ वरून १९.९ मिमी. ४० हेक्टरवर हा फरक ८,८०० घनमीटरचा आहे. पुढच्या ग्रामसभेत हा आकडा कामाला येईल. मात्र माळाची अवस्था ठरवताना केलेल्या घाईचा फटकाही एवढाच मोठा बसू शकतो.

सरासरी सीएन काढायचा मोह

अनेक ठिकाणी शिकवतात की क्षेत्राच्या प्रमाणात सीएनची सरासरी काढा आणि सूत्र एकदाच वापरा. आपल्या पाणलोटाची सरासरी ८१.५ येते. लॅम्डा ०.२ घेऊन ८० मिमी घातले तर उत्तर ३७.२, आपल्या ३८.१ च्या अगदी जवळ. मग एवढा खटाटोप कशाला?

कारण पाऊस लहान झाला की हे जुळणं संपतं. तोच हिशोब २५ मिमी पावसाला करा. तुकड्या-तुकड्याने ३.९ मिमी येतात. सरासरी सीएन आणि ०.२ ने २.६. सरासरी सीएन आणि ०.३ ने जेमतेम ०.९. सर्वांत मोठं उत्तर सर्वांत लहानाच्या चौपटीहून जास्त. खरं तर २५ मिमीमध्ये जंगलातून थेंबही येत नाही, आणि गावठाणातून व काळ्या रानातून चांगलं पाणी येतं. सरासरी काढताना जंगलाची कोरडी माती गावठाणाच्या पाण्यावर ओतली जाते. शिवाय दोन वेगळ्या लॅम्डांच्या जमिनींसाठी एकच लॅम्डा कुठला घ्यायचा, याला उत्तरच नाही. म्हणून सीएनची सरासरी काढू नका. प्रत्येक तुकड्याचा अपधाव काढा आणि मग पाण्याची बेरीज करा.

मोठ्या पावसात पद्धती एकमेकींजवळ येतात आणि लहान पावसात फाकतात, हे इथे कायम लक्षात ठेवायचं आहे. सांडव्याचं काम मोठ्या पावसाचं असतं, तिथे उत्तर बऱ्यापैकी टिकतं. पण शेततळं वर्षात किती वेळा भरेल हा प्रश्न लहान-मध्यम पावसांचा असतो आणि तिथे या आकड्यांवर फार भार टाकू नये.

सूत्र खोटं कुठे बोलतं

वरच्या संगणकी सूत्रात `IF` आहे तो शोभेचा नाही. तो गाळला तर काय होतं? जंगलाच्या तुकड्याची सुरुवातीची घट ४२.९ मिमी आहे. २५ मिमी पाऊस घातला तर कंसात उणे १७.९ येतात, पण वर्ग झाल्यावर उणे चिन्ह नाहीसं होतं आणि सूत्र २.६ मिमी अपधाव दाखवतं. आकडा अगदी खरा वाटण्याजोगा आहे, म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही. तपासायची युक्ती सोपी आहे: पावसाच्या घरात शून्य टाका. `IF` नसेल तर कोरड्याठाक दिवशी याच जंगलातून १८.४ मिमी पाणी वाहताना दिसेल.

काही गोष्टी या सूत्रात मुळातच नाहीत. त्याला वेळ कळत नाही. ८० मिमी दोन तासांत पडोत की दिवसभर रिमझिमत पडोत, उत्तर तेच. त्यामुळे ओढ्याचा कमाल प्रवाह यातून थेट निघत नाही, त्यासाठी पाणी जमा व्हायला लागणारा वेळ वेगळा काढावा लागतो. झऱ्यांचं, जमिनीतून नंतर पाझरून येणारं पाणीही यात धरलेलं नाही. आणि ‘बांधबंदिस्ती’ची ओळ निवडली असेल तर शेताच्या बांधांनी अडवलेलं पाणी सीएनमध्ये आधीच वजा झालेलं असतं, ते पुन्हा वजा करू नका. ओढ्यातले नाला बांध मात्र तक्त्याला ठाऊक नाहीत, त्यांची साठवण वेगळी वजा करावीच लागते.

ओढ्याशी ताडून बघणं

पाणलोटाच्या मुखाशी पाझर तलाव असेल तर तुमच्याकडे मोजमापाची सोय आहे. भिंतीवर मोजपट्टी रंगवा आणि तलावाचा उंची-साठा तक्ता मिळवा. न मिळाल्यास उन्हाळ्यात, तलाव कोरडा असताना, मोजणी करून तयार करा. मोठ्या पावसाच्या आधीची आणि ओढा ओसरल्यावरची पातळी टिपा. सांडवा वाहिला असेल तर तो पाऊस हिशोबातून सोडून द्या, कारण किती पाणी निघून गेलं ते कळणार नाही.

समजा आपल्या ८० मिमी पावसानंतर तलावात ३४,००० घनमीटरची भर पडली. १२० हेक्टरने भागलं तर २८.३ मिमी, गणितापेक्षा सुमारे १० मिमी कमी. सीएन खाली ओढायची घाई करण्याआधी वरच्या बाजूला चालत जा. तिथले दोन नाला बांध पावसाआधी रिकामे होते आणि प्रत्येकात ४,००० घनमीटर मावत असतील, तर ओढ्यात प्रत्यक्ष आलेलं पाणी ४२,००० घनमीटर, म्हणजे ३५ मिमी. ३८ समोर ३५ हे या पद्धतीसाठी चांगलंच जुळणं आहे.

एका पावसावरून सीएन बदलू नका. हंगामातले पाच-सहा पाऊस एका कागदावर मांडा, एका बाजूला गणित आणि दुसऱ्या बाजूला तलाव. लहान पावसांत फरक मोठा आणि मोठ्या पावसांत जवळपास नाही, असं दिसलं तर गडबड सुरुवातीच्या घटीत आहे, लॅम्डा आणि ओलाव्याची स्थिती पुन्हा तपासा. सगळ्याच पावसांत फरक एकाच दिशेला येत असेल तर सीएन चुकला आहे, आणि बहुतेक वेळा सर्वांत मोठ्या तुकड्याचा. आपल्या पाणलोटात आधी काळ्या रानातले बांध पुन्हा बघायला जायचं, मग गायरानातला खड्डा थोडा आणखी खोल काढायचा.